ताईंना लिहिलेलं दुसरं पत्र

आम्ही हिंगणीच्या गटातल्या बाया. बचतीचं रजिस्टर लिहायला आम्हाला ज्या ताईंनी शिकवलं, त्या आता गटांच्या मुलाखती घेतात. आपणही पाहुण्या म्हणून बोलावं असं आम्हाला वाटलं आणि आम्ही त्यांना पत्र धाडलं.

पहिल्या पत्रात अर्धं पान ताईंचे आभार होते. पुढे लिहिलं होतं, "आमचा गट अनेक उपक्रम राबवतो. आम्हाला संधी द्यावी." महिना गेला, उत्तर आलं नाही. तेच पत्र आम्ही शेजारच्या गटातल्या एका बाईला वाचून दाखवलं आणि विचारलं, "तू मुलाखत घेणार असतीस तर आम्हाला काय विचारलं असतंस?" तिला एकही प्रश्न सुचला नाही. चूक तिथेच कळली. मुलाखत घेणारीला कौतुक नको असतं, विचारण्यासारखं काही हवं असतं.

मग आम्ही बैठकीत ठरवलं की एकच गोष्ट सांगायची, आमच्या नुकसानीची. एका वर्षी आम्ही डाळीसाठी तूर नीट न वाळवताच कट्ट्यांत भरली. पावसाळ्यात उघडली तर दाण्यांना भोकं पडलेली, भुंगा लागलेला. आता आम्ही दाणा दाताखाली धरून पाहतो. कट्‌कन फुटला तर वाळला, दबला तर आणखी ऊन द्यायचं. नुकसान सांगायला दोघींना लाज वाटत होती. त्यांचं मन वळेपर्यंत आम्ही थांबलो आणि मगच रजिस्टरात ठराव लिहिला.

दुसरं पत्र असं होतं:

"ताई, नमस्कार. तूर ओली भरल्याने आमचे चार कट्टे खराब झाले. ते कसे झाले आणि आता आम्ही काय करतो, हे तुमच्या मुलाखतमालेत सांगायची इच्छा आहे. दोघी बोलतील. एकीने तूर भरली होती, दुसरी हिशेब ठेवते. ओल कशी ओळखायची, तोटा गटाने कसा वाटून घेतला आणि भुंगा लागलेल्या तुरीचं काय केलं, हे तुम्ही विचारू शकता. कोणाच्या कर्जाबद्दल मात्र बोलणार नाही. तूर कापणी सोडून कोणत्याही दुपारी येऊ. जमणार नसेल तर मोकळेपणाने सांगा, आमच्या नात्यात फरक पडणार नाही."

खाली गटाचं नाव, दोघींची नावं आणि एकच फोन नंबर लिहिला. डाळीचा भाव लिहिला नाही, कारण भाव दिसला की पत्र जाहिरातीसारखं वाटतं. शेवटची ओळ मुद्दाम घातली. ताई आमच्या गुरू आहेत, त्यांना भिडेपोटी हो म्हणावं लागू नये.

आठवड्याने ताईंचा फोन आला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "लाज वाटत होती, त्या दोघी तयार कशा झाल्या?" हा प्रश्न आमच्या पत्रात नव्हता. मुलाखत तिथूनच सुरू झाली.