फ्यूज बॅटरीला खेटूनच हवा

डिलिव्हरीवर फिरणाऱ्यांपासून कॉलेजच्या मुलांपर्यंत अनेकांच्या हँडलवर आता मोबाइल असतो आणि त्याच्या शेजारी यूएसबी सॉकेट. हे सॉकेट बसवायला अर्धा तास पुरतो. गाडीचं मूळ वायरिंग कापावं लागू नये म्हणून ते बरेचदा थेट बॅटरीवरून घेतात. पद्धत चांगली आहे, पण थेट बॅटरीवरून निघालेल्या वायरला गाडीच्या मूळ फ्यूजचं संरक्षण मिळत नाही, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तिचा फ्यूज आपणच बसवायचा असतो, आणि तो कुठे बसवतो यावर सगळं अवलंबून आहे.

समजा, ११० सीसीची स्कूटर आहे आणि बॅटरी १२ व्होल्ट, ४ अँपिअर-अवरची. सॉकेट मोबाइलला ५ व्होल्टवर २ अँपिअर, म्हणजे १० वॅट देतं. १२ चे ५ व्होल्ट करताना थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून बॅटरीकडून साडेअकरा वॅटच्या आसपास घेतले जातात. १२ ने भागलं की एक अँपिअरही भरत नाही. इथे ३ अँपिअरचा फ्यूज पुरतो आणि पाऊण चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर तेवढा प्रवाह आरामात नेते.

आता ही वायर हँडलच्या मानेपाशी घासून सोलली आणि तांबं चासीला टेकलं, असं समजा. सेल्फ फिरवण्यासाठी बनवलेली बॅटरी अशा वेळी पन्नासहून जास्त अँपिअर ओतू शकते. काही सेकंदांत वायर लाल होते, आवरण वितळतं आणि शेजारच्या वायरीही पेट घेतात. हे सगळं पेट्रोलच्या टाकीपासून फार दूर घडत नाही. फ्यूज आधी वायर वाचवतो, मोबाइल नाही. म्हणूनच तो सॉकेटच्या टोकाला लावून उपयोग नाही, कारण मग बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी वायर उघडी पडते. पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभराच्या आत फ्यूज होल्डर यायला हवा. काचेच्या फ्यूजपेक्षा चपट्या पात्यांचा फ्यूज घ्यावा, कारण काचेच्या फ्यूजच्या होल्डरची स्प्रिंग हादऱ्यांनी सैल पडते.

काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडवा. पॉझिटिव्हवरचा पाना चुकून चासीला लागला तरी मग ठिणगी उडत नाही. वायरच्या टोकांना गोल लग दाबून बसवा, नुसती तार पिळून नटाखाली घालू नका. सॉकेटची काळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हलाच आणा. वायर मूळ वायरिंगच्या कडेने नेऊन टायने बांधा, सायलेन्सरपासून दूर ठेवा आणि मानेपाशी थोडी सैल सोडा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. कुठेही ती ताणली किंवा दाबली जाता कामा नये. जोडताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह नंतर आणि फ्यूज सगळ्यांत शेवटी.

थेट जोडणीत एक खोट राहते. चावी काढली तरी सॉकेट जागं असतं. निळा दिवा किंवा व्होल्टेजचे आकडे दाखवणारं सॉकेट मोबाइल लावलेला नसतानाही १५ मिलिअँपिअर सहज खातं. दिवसाला ते ०.३६ अँपिअर-अवर होतात, म्हणजे आपली ४ अँपिअर-अवरची बॅटरी साडेपाच दिवसांत निम्म्यावर येते. गणपतीला आठवडाभर गावी जाऊन आल्यावर सेल्फ फक्त टकटक करतो, तो यामुळे. रोज चालणाऱ्या गाडीत हे जाणवत नाही. पण उभ्या राहणाऱ्या गाडीत फ्यूजच्या पुढे पाण्यापासून सुरक्षित असा स्विच टाका किंवा चावीबरोबर चालू होणारा रिले बसवा. माझी पसंती रिलेला, कारण स्विच बंद करायचं विसरायला होतं.

आपलं सॉकेट नेमकं किती खातं हे मोजायची सोय फ्यूज होल्डरच करून देतो. मोबाइल काढा, फ्यूज उपसा, मल्टिमीटर मिलिअँपिअरवर ठेवून त्याची दोन टोकं होल्डरच्या दोन संपर्कांना लावा. दिसेल तो आकडा सॉकेटची रिकामी भूक.

फ्यूज उडाला तर त्याच्या जागी १० अँपिअरचा किंवा चांदीचा कागद कधीही घालू नका. नवा ३ चाच लावा. तो लगेच उडाला, तर सॉकेटकडचं टोक सोडून पुन्हा नवा लावून पाहा. आता टिकला तर दोष सॉकेटमध्ये, बहुधा पावसाचं पाणी आत गेलेलं. तरीही उडाला तर वायर कुठेतरी सोललेली आहे. आणि फक्त हँडल वळवल्यावर उडत असेल, तर शोध मानेपासून सुरू करा.