कंपनीचं घर, कंपनीची गाडी आणि पगारावरचा कर

कंपनीने राहायला फ्लॅट दिला आणि भाडं घेतलं नाही, तर आयकर कायद्याच्या दृष्टीने तो पगाराचाच एक भाग असतो. रोख हातात आलेली नसली तरी लाभ मिळालेला आहे, म्हणून त्याची किंमत ठरवून ती पगारात मिळवली जाते. पगारपत्रकात तिला 'पर्क्विझिट' म्हणतात, कायद्याच्या मराठीत 'अनुलाभ'. ही किंमत ठरते कशी, हे मात्र फार थोड्या नोकरदारांना ठाऊक असतं. बाजारात त्या फ्लॅटला जे भाडं येईल त्यावर कर लागत असेल, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात कंपनीच्या मालकीच्या घराच्या बाबतीत बाजारभाड्याचा प्रश्नच येत नाही. तिथे किंमत ठरते ती तुमच्या पगारावरून आणि घर कोणत्या शहरात आहे त्यावरून.

इथे दिलेले आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाचे आहेत. त्या वर्षाला १९६१ चा आयकर कायदा आणि १९६२ च्या आयकर नियमांतला नियम ३ लागू आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा अमलात येतो, त्यामुळे त्यापुढच्या वर्षांचे दर नव्या नियमांतून घ्यायचे.

नागपूरच्या एका कारखान्यातल्या प्लांट मॅनेजरचं उदाहरण घेऊ. मूळ पगार महिना ८०,००० रुपये, म्हणजे वर्षाला ९,६०,०००. विशेष भत्ता महिना ३०,०००, वर्षाला ३,६०,०००. बोनस १,२०,०००. महागाई भत्ता वेगळा नाही. कंपनी तिच्या भविष्य निर्वाह निधीत स्वतःच्या वाट्याचे १,१५,२०० रुपये भरते. एप्रिल २०२५ पासून ती कंपनीच्या मालकीच्या फ्लॅटमध्ये राहते आणि कंपनीने तिला गाडी व चालक दिला आहे.

पहिला प्रश्न हा की, घराच्या हिशेबासाठी 'पगार' किती धरायचा? सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मूळ पगार, बोनस, कमिशन आणि करपात्र असलेले सगळे भत्ते यात येतात. महागाई भत्ता निवृत्तीच्या लाभांसाठी गृहीत धरला जात असेल तरच येतो, नाहीतर नाही. कंपनीने भविष्य निर्वाह निधीत भरलेला वाटा येत नाही, करमुक्त भत्ते येत नाहीत आणि इतर पर्क्विझिटही येत नाहीत. म्हणजे गाडीची किंमत आधी पगारात मिळवायची आणि मग त्यावर घराची टक्केवारी काढायची, हे चूक आहे. सीटीसीचा आकडा उचलून त्यावर टक्केवारी लावणं तर त्याहून चूक, कारण सीटीसीत निधीचा वाटा, ग्रॅच्युइटी, विमा असं सगळं असतं. आपल्या मॅनेजरचा या कामापुरता पगार होतो ९,६०,००० अधिक ३,६०,००० अधिक १,२०,०००, म्हणजे १४,४०,००० रुपये.

आता शहर. सप्टेंबर २०२३ पासून लागू झालेल्या दरांनुसार, २०११ च्या जनगणनेत ४० लाखांहून जास्त लोकसंख्या असलेल्या शहरात कंपनीच्या मालकीच्या घराची किंमत पगाराच्या १० टक्के धरतात. १५ लाखांहून जास्त पण ४० लाखांपर्यंत असेल तर साडेसात टक्के आणि त्याखाली ५ टक्के. आधी हे दर १५, १० आणि साडेसात टक्के होते, म्हणजे २०२३ च्या बदलाने नोकरदाराचा भार बराच हलका झाला. मुंबई अर्थातच पहिल्या गटात आहे. नागपूरची लोकसंख्या २०११ साली सुमारे २४ लाख होती, म्हणून तिथे साडेसात टक्के. छत्रपती संभाजीनगर पावणेबारा लाखांच्या आसपास होतं, तिथे ५ टक्के. शहर २०११ नंतर कितीही वाढलेलं असो, आकडा त्याच जनगणनेचा धरायचा.

१४,४०,००० चे साडेसात टक्के म्हणजे १,०८,००० रुपये. घरात कंपनीने एसी, फ्रीज, सोफा, पलंग असं मिळून ४ लाखांचं सामान दिलं आहे. त्याच्या मूळ किमतीचे वर्षाला १० टक्के, म्हणजे ४०,००० यात मिळवायचे. सामान भाड्याने आणलेलं असतं तर प्रत्यक्ष भाडं धरलं असतं. एकूण झाले १,४८,०००. कंपनी तिच्या पगारातून महिना १,५०० रुपये घरभाडं म्हणून कापून घेते, ते वर्षाचे १८,००० वजा करायचे. करपात्र किंमत उरली १,३०,००० रुपये.

'मी भाडं भरते, मग फुकट कुठे राहते?' हा प्रश्न इथे हमखास येतो. सवलतीच्या भाड्याला 'सवलत' कधी म्हणायचं, यावर २००६ साली सर्वोच्च न्यायालयात अरुणकुमार यांच्या खटल्यात मोठा खल झाला होता. त्यानंतर २००७ च्या वित्त कायद्याने वाद मिटवला. ठरलेल्या टक्केवारीपेक्षा तुम्ही भरत असलेलं भाडं कमी असेल, तर जेवढा फरक तेवढी सवलत मिळाली असं कायदाच मानतो.

एका बाबीकडे पगार विभागाचं वारंवार दुर्लक्ष होतं. घर वर्षभर ताब्यात नसेल तर पगारही तेवढ्याच काळाचा धरायचा. आपली मॅनेजर एप्रिलऐवजी सप्टेंबरमध्ये राहायला आली असती, तर सात महिन्यांचाच पगार मोजावा लागला असता, म्हणजे ८,४०,००० आणि त्याचे साडेसात टक्के ६३,०००. पगाराचं सॉफ्टवेअर अनेकदा वर्षाचा पूर्ण पगार उचलतं आणि ४५,००० रुपये विनाकारण उत्पन्नात चढतात.

दुसरी बाब जुन्या रहिवाशांसाठी आहे. तेच घर त्याच कर्मचाऱ्याकडे एका वर्षाहून पुढे राहिलं, तर घराची किंमत पहिल्या वर्षाच्या किमतीला महागाई निर्देशांकाच्या प्रमाणात वाढवून येईल त्याहून जास्त धरता येत नाही. मॅनेजर एप्रिल २०२४ मध्येच इथे आली असती आणि तेव्हा तिचा पगार १२ लाख असता, तर पहिल्या वर्षी किंमत झाली असती ९०,०००. निर्देशांक २०२४-२५ चा ३६३ आणि २०२५-२६ चा ३७६. ९०,००० ला ३७६ ने गुणून ३६३ ने भागलं की येतात ९३,२२३ रुपये. पगार वाढला म्हणून १,०८,००० धरता येणार नाहीत, ९३,२२३ वरच थांबायचं. चांगल्या पगारवाढीच्या वर्षात ही मर्यादा खूप मोलाची ठरते, आणि ती लावलेली आहे का हे स्वतः बघणं भाग आहे.

कंपनीने घर विकत न घेता भाड्याने घेऊन दिलं असेल, तर शहर कोणतंही असो, कंपनी भरते ते भाडं आणि पगाराचे १० टक्के यांतली कमी रक्कम धरायची. नागपुरातच महिना २२,००० भाड्याचा फ्लॅट असता, तर वर्षाचं भाडं २,६४,००० आणि १० टक्के म्हणजे १,४४,०००. धरायचे १,४४,०००. याच २२,००० रुपयांचा घरभाडे भत्ता तिला रोख मिळाला असता, तर नव्या करप्रणालीत त्यावर सूट नसल्याने पूर्ण २,६४,००० करपात्र झाले असते. म्हणून नव्या प्रणालीत राहणाऱ्याला भत्त्याऐवजी कंपनीचं घर मिळत असेल, तर बहुतेक वेळा ते घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. अट एकच, भाडेकरार कंपनीच्या नावावर हवा. करार कर्मचाऱ्याच्या नावावर असेल आणि कंपनी त्याचं भाडं भरत असेल, तर ते त्याचं देणं कंपनीने फेडल्यासारखं होतं आणि पूर्ण भाडं करपात्र ठरतं.

गाडीचा हिशेब त्या मानाने सोपा आहे. गाडी कंपनीची, इंधन व देखभाल कंपनीची आणि वापर कामासाठीही व घरच्यांसाठीही, असं असेल तर इंजिन १.६ लिटरपर्यंत असताना महिना १,८०० रुपये धरतात आणि त्याहून मोठं असताना २,४००. चालक दिला असेल तर आणखी ९००. या रकमा २००९ साली ठरल्या. मॅनेजरच्या गाडीचं इंजिन १.५ लिटरचं आहे, म्हणून महिना २,७०० आणि वर्षाला ३२,४०० रुपये. घराच्या उलट इथे कंपनीने गाडीसाठी पगारातून काही कापून घेतलं तरी ते या ठरीव रकमेतून वजा होत नाही. खासगी वापराचं इंधन कर्मचारी स्वतः भरत असेल, तर रकमा ६०० आणि ९०० वर येतात, चालकाचे ९०० वेगळे.

गाडी फक्त खासगी कामासाठी असेल तर चित्र एकदम पालटतं. १२ लाखांच्या गाडीच्या किमतीचे १० टक्के, म्हणजे १,२०,००० झिजेचे. त्यात इंधन, विमा, देखभालीचे समजा १,५०,००० आणि चालकाचा पगार महिना १८,००० प्रमाणे २,१६,०००. एकूण ४,८६,००० रुपये. ३२,४०० आणि ४,८६,००० यांच्यात फरक पडतो तो केवळ वापराचा. दुसरी गाडी दिलेली असेल तर तिचा हिशेब याच महागड्या रीतीने होतो. याच्या उलट, वापर पूर्णपणे कामाचा असेल तर किंमत शून्य, पण त्यासाठी तारीख, ठिकाण, किलोमीटर आणि खर्च लिहिलेली नोंदवही व कंपनीचं प्रमाणपत्र लागतं. नोंदवही नसताना शून्य दाखवलं, तर तपासणीत तो शून्य टिकत नाही.

मॅनेजरचा शेवटचा हिशेब असा: रोख पगार १४,४०,०००, घराचे १,३०,०००, गाडीचे ३२,४००, एकूण १६,०२,४००. नव्या प्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन उरले १५,२७,४००. घर आणि गाडी नसती तर हाच आकडा १३,६५,००० असता. वाढलेले १,६२,४०० रुपये १५ टक्क्यांच्या टप्प्यात येतात आणि उपकरासह २५,३३४ रुपये जास्त कर लागतो. वर्षभर घर, चालक आणि गाडी यांच्या बदल्यात भरायचा जादा कर एवढाच.

जूनमध्ये फॉर्म १६ हातात येईल तेव्हा त्याच्यासोबतचा फॉर्म १२बीए उघडा. घर आणि गाडी यांच्या ओळींत नियमाप्रमाणे किंमत, तुमच्याकडून घेतलेली रक्कम आणि करपात्र रक्कम असे तीन आकडे असतात. पगार कोणत्या महिन्यांचा धरला, टक्केवारी कोणती लावली आणि जुनं घर असेल तर निर्देशांकाची मर्यादा पाळली का, हे पगार विभागाला लेखी विचारा, आणि चूक असेल तर विवरणपत्र भरण्याआधी दुरुस्त करून घ्या.