मुलाखतीच्या फेऱ्या किती?

गूगलमध्ये पूर्वी एकेका उमेदवाराच्या डझनभर मुलाखती होत. कंपनीने जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा चार मुलाखतींतच निर्णयाची ८६ टक्के खात्री मिळते, पुढची प्रत्येक मुलाखत जेमतेम १ टक्का भर घालते, असं दिसलं.

छोट्या कारखान्याला अकाउंटंट हवा असेल तर माझ्या मते दोनच फेऱ्या पुरतात. पहिली फोनवर, २० मिनिटांची: पगाराची अपेक्षा, नोटीस पीरियड, जीएसटीचा अनुभव. दुसरी तासाभराची. त्यातली ४० मिनिटं बँक स्टेटमेंट आणि लेजर समोर ठेवून न जुळणारी रक्कम शोधायला द्या. मालकांनी त्याच बैठकीत बसावं. तिसरी फेरी सुचली, तर तिच्यात नवीन काय तपासणार ते आधी लिहा. ‘एकदा भेटून घेऊ’ एवढंच सुचलं, तर उमेदवाराला आणखी एक रजा टाकायला लावू नका.