शालूवरील हळद आणि लाँड्रीची पारख

भुसावळजवळचे दीपनगर ही औष्णिक वीजकेंद्राच्या आश्रयाने वसलेली वसाहत होय. तेथील एखाद्या घरी हळदीचा समारंभ आटोपला आणि रेशमी शालूच्या पदरावर तेलात कालवलेली हळद सांडली, अशी कल्पना करावी. हा शालू कोणत्या लाँड्रीत द्यावा, हे दुकानाच्या पाटीवरून ठरत नाही. डाग कशाचा, किती दिवसांचा, घरी त्याला काही लावले काय, एवढे विचारणारा दुकानदार निम्म्या परीक्षेत उतरला असे समजावे.

कारण या एका डागात वस्तुतः दोन डाग असतात. तेल ड्रायक्लीनच्या द्रावकात सहज विरघळते; हळदीतील रंगद्रव्य मात्र त्यात पुरतेपणी निघत नाही. ते स्पिरिटच्या बोळ्याने हलक्या हाताने टिपावे लागते, आणि तेही पदराच्या आतील कोपऱ्यावर शालूचा स्वतःचा रंग सुटत नाही ना, हे पाहिल्यावरच. घाईने साबण वा धुण्याचा सोडा लावला, की पिवळा डाग क्षणार्धात तांबडा होतो. हळदीस क्षार लागल्याचा हा परिणाम. हळदीला चुना देऊन कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर आधारलेली आहे. पातळ व्हिनेगरने तो पुन्हा पिवळा होईल, पण रेशमाला सोड्याने झालेली इजा भरून येत नाही. सुती सदऱ्यावरील हळद उन्हात विटते. शालूवर हा उपाय करू गेल्यास हळदीबरोबर शालूचाही रंग उडावयाचा! क्लोरीनचे विरंजक तर रेशमाचा नाशच करते.

इतक्या कामास दिवस लागणारच. ‘संध्याकाळी घेऊन जा’ असे सांगणारा बहुधा डाग न काढताच इस्त्री फिरवतो, आणि उष्णतेने उरलेला डाग अधिक पक्का बसतो. परत आलेल्या वस्त्राला द्रावकाचा उग्र दर्प येत असेल, तर ते पुरते वाळविलेले नाही हे ओळखावे.

राहिली पावती. तीवर केवळ ‘साडी १’ असे न लिहविता ‘रेशमी शालू, पदरावर हळदीचा डाग, जर शाबूत’ असे लिहवून घ्यावे, अंदाजी किंमतही नोंदवावी. मागील बाजूस बारीक अक्षरांत ‘जोखीम मालकाची’ असे बहुधा छापलेले असते. एवढ्याने दुकानदार निष्काळजीपणाच्या जबाबदारीतून आपोआप सुटत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहकास आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, म्हणजे दीपनगरकरास जळगावी, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. शालू हरवला वा जळला, तर तेथे पावतीवरील ती एक ओळच कामी येते. म्हणून वस्त्र परत घेताना ते दुकानातच, दिवसाच्या उजेडात, पदरापर्यंत उलगडून पाहावे आणि दोष आढळल्यास तो त्याच पावतीवर लिहून दुकानदाराची सही घ्यावी.