बॅटरी संपली तरी दिसणारी पाटी

किंडल बंद पडलं तरी त्याच्या पडद्यावरचं चित्र तसंच राहतं, हे अनेकांनी पाहिलं असेल. ई-पेपरच्या पडद्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत विरुद्ध विद्युतभाराचे काळे-पांढरे कण. व्होल्टेज दिलं की यातले एक वर येतात, दुसरे खाली जातात. वीज काढून घेतली तरी ते जागा सोडत नाहीत. म्हणजे वीज लागते ती चित्र बदलायला, दाखवायला नाही. मग आजचं हवामान आणि खोलीतलं तापमान दाखवणारी पाटी दारापाशी लावायची, तर तिला वायर हवीच कशाला?

अशी पाटी हौशी मंडळी घरी करतात. साडेसात इंची, 800 बाय 480 ठिपक्यांचा पडदा, वाय-फाय असलेला ईएसपी32 मायक्रोकंट्रोलर, तापमान आणि आर्द्रता मोजणारा एक सेन्सर आणि 18650 आकाराचा लिथियम सेल. मायक्रोकंट्रोलर बहुतेक वेळ गाढ झोपलेला असतो. तासाने उठतो, सेन्सर वाचतो, इंटरनेटवरून अंदाज आणतो, चित्र बदलतो आणि पुन्हा झोपतो. सेन्सर उठल्या उठल्या वाचायचा. वाय-फाय चालू झालं की बोर्ड तापतो आणि खोली उगाच गरम दिसते.

विजेचा हिशेब मांडला की गंमत कळते. उठून झोपेपर्यंत 10 सेकंद गेले आणि त्यात सरासरी 120 मिलिअँपिअर लागले, तर एका खेपेला साधारण 0.33 मिलिअँपिअर-तास जातात. दिवसाच्या 24 खेपांचे 8. झोपेत 20 मायक्रोअँपिअर धरले तर दिवसभराचा खर्च जेमतेम अर्धा. 2500 मिलिअँपिअर-तासांच्या सेलमधले 2000 खरोखर हाती लागतात असं धरलं, तर पाटी साडेसात महिने चालते. यात पडद्याचा वाटा किरकोळ आहे. खाणारा आहे तो वाय-फाय. दिवसातून सहाच वेळा उठवलं तर हिशेब दोन वर्षांच्या पुढे जातो, अर्थात सेल पडून पडून जो उतरतो तो वेगळा.

पण बाजारात मिळणारे बरेच बोर्ड झोपेतही वीज खातात. त्यांच्यावरचा छोटा लाल दिवा, यूएसबीची चिप, व्होल्टेज रेग्युलेटर हे सगळे जागेच असतात. झोपेतला खर्च 10 मिलिअँपिअर झाला की तोच सेल आठवड्याभरात उतरतो. संशय आला तर सेलच्या वायरीत मल्टिमीटर जोडून झोपेतला प्रवाह मोजावा. मात्र मायक्रोअँपिअरची रेंज बोर्ड झोपल्यावरच लावायची. वाय-फाय चालू असताना लावली तर मीटरमध्येच व्होल्टेज पडतं आणि बोर्ड सारखा रिसेट होत बसतो. पडद्यालाही चित्र बदलल्यावर झोपेचा आदेश द्यावा लागतो. तो विसरला तर वीज तर जातेच, शिवाय पडदा खराब होऊ शकतो.

तासातून एकदाच बदलणाऱ्या पाटीवर काय दाखवायचं, हेही ठरवावं लागतं. आजचं कमाल-किमान तापमान, पावसाची शक्यता, खोलीतली आर्द्रता हे चालतं. दार उघडं आहे की बंद, गीझर चालू आहे का, हे नको. पाटी बघेपर्यंत ते बदललेलं असतं. घड्याळ तर मुळीच नको. पडद्याचा फक्त काही भाग बदलून वीज आणि वेळ वाचवता येतो, पण तसं सारखं केलं की आधीच्या आकड्यांच्या फिकट सावल्या मागे राहतात. त्या पुसायला पूर्ण पडदा काळा-पांढरा लुकलुकवून घ्यावा लागतो. लाल रंगाचा पडदा घेतला तर हे लुकलुकणं पंधरा-वीस सेकंद चालतं. माझं मत विचाराल तर हवामानाला काळा-पांढरा पुरतो.

मराठीत पाटी हवी असेल तर आणखी एक अडचण येते. मायक्रोकंट्रोलरवरच्या साध्या चित्रलायब्ररी अक्षरं एकापुढे एक ठेवतात, जोडाक्षरं आणि वेलांट्या त्यांना जमत नाहीत. ‘शनिवार’ लिहायला गेलं की ‘न’च्या आधी बसायची वेलांटी ‘व’ला चिकटते. सोपा उपाय म्हणजे घरातल्या रास्पबेरी पायवर किंवा जुन्या संगणकावर ब्राउझरमध्ये पूर्ण पान तयार करायचं आणि त्याचं काळं-पांढरं चित्र करून ठेवायचं. पाटी ते फक्त उचलून आणते. एका ठिपक्याला एक बिट, म्हणजे चित्र 48,000 बाइटचं. अंदाज उलगडण्याचं कामही संगणकाकडे गेल्यामुळे जागं राहण्याचा वेळ घटतो.

ई-पेपरचा खरा धोका त्याच्या गुणातच आहे. सेल संपला, राउटर बंद पडला, तरी पाटी मंगळवारचं कोरडं हवामान गुरुवारी ठामपणे दाखवत राहते. साधा पडदा काळा होऊन सांगतो की काहीतरी बिघडलंय. ही सांगत नाही. म्हणून कोपऱ्यात ‘शेवटची नोंद’ म्हणून तारीख आणि वेळ ठळक छापावी. अंदाज मिळाला नाही तर जुने आकडे खोडून तसं लिहावं. सेलचं व्होल्टेज दर खेपेला मोजून ते साधारण 3.4 च्या खाली गेलं, की उरलेल्या विजेत हवामान पुसून फक्त ‘चार्ज करा’ एवढंच लिहावं आणि मग उठणंच बंद करावं.