अर्ज पोचला, पण उत्तर कधी?

‘आपला अर्ज मिळाला, लवकरच संपर्क साधू.’ छोट्या कंपन्यांकडून आपोआप येणारी पोच बहुधा एवढीच असते. मग तिसऱ्या दिवसापासून अर्जदारांचे फोन सुरू होतात. पोचेत उत्तराची तारीख दिली तर यातले बरेचसे फोन टळतात. ती तारीख मात्र हिशेबानेच काढावी लागते.

समजा, भोसरीतल्या एका वर्कशॉपला अकाउंटंट हवा आहे. अर्जाची मुदत 10 जूनपर्यंत आणि अर्ज साठेक येतील असा अंदाज. एक बायोडेटा नीट वाचायला पाच मिनिटे धरली तरी पाच तास झाले. मालकाला शॉपमधून सवड मिळते ती संध्याकाळी अर्धा तास. म्हणजे कामाचे दहा दिवस; सुट्ट्या धरल्या की 22 जून उजाडतो. त्यात 20 तारखेपर्यंत जीएसटीचे विवरणपत्र भरायचे असते, त्यामुळे उमेदवारांची निवड करायला मदत करणारे सीए त्याआधी सापडणार नाहीत. तेव्हा पोचेत 30 जून लिहावे. आठवडाभर आधी कळवले तर कुणाची तक्रार नसते. एक दिवस उशीर झाला की फोन वाजू लागतो.

तारीखच का, ‘पंधरा दिवसांत’ का नको? कारण पोच सगळ्यांना एकच जाते. 1 जूनला अर्ज करणारा 16 जूनला उत्तराची वाट पाहू लागतो आणि इकडे वाचनाला जेमतेम सुरुवात झालेली असते.

जीमेलमधले `Vacation responder` या कामाला वापरू नये. ते माल पुरवणाऱ्यांनाही पोच पाठवत बसते. त्याऐवजी जाहिरातीत आपल्याच पत्त्यात @ च्या आधी `+account` जोडून द्यावे. पत्रे नेहमीच्याच इनबॉक्समध्ये येतात. मग संगणकावर सेटिंग्जमध्ये `Templates` सुरू करून मजकूर जतन करावा, त्या जोडपत्त्यासाठी फिल्टर करावा आणि त्यात `Send template` निवडावे. मजकूर साधा असावा:

‘अकाउंटंट पदासाठी आपला अर्ज मिळाला. ही फक्त पोच आहे, निवड नव्हे. मुलाखतीला बोलावणार असू किंवा नसू, 30 जूनपर्यंत ईमेलने कळवू. तोवर फोन करू नये. या भरतीसाठी आम्ही कोणाकडूनही पैसे घेत नाही.’

शेवटचे वाक्य गाळू नये. नोकरीच्या नावाखाली ‘रजिस्ट्रेशन फी’ उकळणारे पुष्कळ आहेत.

फिल्टर सुरू केल्यावर दुसऱ्या एखाद्या पत्त्यावरून स्वतःच एक अर्ज पाठवून पाहावा. पोच स्पॅममध्ये पडली का, मजकुरात मागच्या भरतीची तारीख राहिली का, हे तेव्हाच कळते. आणि काम लांबलेच, तर नवी तारीख 30 जून उलटण्याआधी सगळ्यांना पाठवा. 11 जूनला मात्र टेम्प्लेट बदलून ‘मुदत संपली आहे’ असे लिहायला विसरू नका, कारण जुन्या जाहिराती पुढे महिनाभर व्हॉट्सॲपवर फिरत राहतात.