‘वेळ नाही’ नको, हिशेब सांगा

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणाऱ्या एका अनुवादिकेचं उदाहरण घेऊ. ओळखीच्या एका संस्थेकडून आरोग्यविषयक पुस्तिकेचं काम येतं. शब्द 24 हजार, बजेट 18 हजार रुपये. म्हणजे शब्दाला 75 पैसे. तिचा दर दीड रुपया आहे. दिवसाला दोन हजार शब्द धरले, तर कच्चा खर्डा व्हायला 12 दिवस आणि तपासणीला चार दिवस लागतात. 16 दिवसांच्या कामाचे रोजचे अकराशे पंचवीस रुपये पडतात. हे तिला परवडत नाही.

अशा वेळी ‘सध्या खूप गडबड आहे’ म्हणून सुटका करून घ्यावीशी वाटते. पण समोरचा ते खरं मानतो आणि पुढच्या महिन्यात त्याच बजेटचं काम घेऊन येतो. दुसऱ्यांदाही गडबडच असेल, तर त्याला टाळलं जातंय हे कळतं. दर कमी पडतोय, हे मात्र कळत नाहीच. संबंध बिघडतो तो इथे.

त्यापेक्षा एक-दोन दिवसांत, त्यांना दुसरा माणूस शोधायला सवड राहील अशा बेतानं, स्पष्ट कळवावं. आधी फोन, मग मेल:

‘मॅडम, पुस्तिका वाचली, विषय आवडला. माझ्या दरानं हे काम 36 हजारांचं होतं, त्यामुळे 18 हजारांत पूर्ण पुस्तिका घेणं मला जमणार नाही. या रकमेत 12 हजार शब्द करता येतील. परिशिष्टं आणि तक्ते बाजूला ठेवून मुख्य प्रकरणं तेवढ्यात बसत असतील, तर सांगा. नाहीतर पुढच्या कामाच्या वेळी जरूर विचारा.’

‘एवढ्यात कोण करून देणार?’ असा टोमणा यात नाही आणि घरखर्चाचं रडगाणंही नाही. पैसे कमी झाले तसं कामही कमी केलं, दर तोच राहिला. तेवढंच काम निम्म्या पैशांत केलं असतं, तर आधीचा दर फुगवलेला होता, असा अर्थ निघाला असता.

यावर हमखास उत्तर येतं: ‘या वेळी सांभाळून घ्या, पुढच्या कामात भरून काढू.’ पुढचं काम खरंच ठरलेलं असेल, तर दोन्हींचे शब्द, दर आणि तारखा एकाच मेलवर घेऊन विचार करता येतो. तसं नसेल, तर ‘पुढचं काम आलं की त्याचा दर तेव्हा बोलू’ एवढंच म्हणावं.

नवख्या अनुवादकाचं नाव सुचवायचं असेल, तर आधी बजेट सांगून त्याला विचारावं. परस्पर नंबर दिला आणि काम फसलं, तर बोल सुचवणाऱ्यालाच लागतो.

संस्थेचं बजेट अनेकदा वरून ठरून आलेलं असतं. बोलणाऱ्या मॅडमच्या हाती ते वाढवणं नसतंच. पण पुढच्या प्रस्तावात भाषांतरासाठी किती रक्कम धरायची, हे त्या 36 हजारांच्या आकड्यावरून त्यांना आता सांगता येईल.